तीन खड्डे आणि शेजारची विहीर

सोलापूर, लातूर, परभणीच्या काळ्या मातीत घर बांधायला निघालेला माणूस इंजिनिअरला हमखास विचारतो, "मातीपरीक्षण करायलाच हवं का? शेजाऱ्यांनी तर नाही केलं." प्रश्न रास्त आहे. एक मजली घरासाठी बोअर मारून नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे म्हणजे पैसा जातो आणि दिवसही जातात. दुसरीकडे ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि हलकं घर वर उचलते. त्यातून पडलेली तिरकी भेग प्लास्टरने बुजवली तरी पुढच्या वर्षी पुन्हा उघडते.

माझ्या मते आधी जागेवर खड्डे घ्यावेत. ते एप्रिल-मेमध्ये घेतले तर मातीच्या भेगा किती खोल जातात तेही दिसतं. किमान तीन घ्यावेत आणि तेही कॉलमच्या नेमक्या जागी नव्हे, जरा बाजूला. नाहीतर जिथे भार यायचा तिथलीच जमीन पोकळ होते. पाच फुटांच्या खाली आधाराशिवाय कुणी उतरू नये. जेसीबीच्या बादलीत आलेली माती वर पाहावी. काळ्या थराखाली बहुधा पिवळसर चुनखडीचा थर लागतो आणि मग मुरूम. मुरूम लागला म्हणून लगेच थांबू नये, त्यात आणखी दोन-तीन फूट जावं. बेसाल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधला टणक धोंडा मऊ थरात तसाच राहतो. पहार त्याच्यावर ठणकली की खडक लागला असं वाटतं.

माती किती फुगणारी आहे याचा अंदाजही घरी येतो. सुकवून, कुटून, बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापी नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल शंभर मिलिलिटरपर्यंत भरायचं, ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे ती 10 मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात 18 वर, तर फुगवटा 80 टक्के झाला. भारतीय मानकानुसार 50च्या खाली कमी, 50 ते 100 मध्यम आणि 100च्या वर जास्त. घरच्या चाचणीत आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण 30 आणि 120 यांतला फरक लपत नाही.

पाण्याबाबत मात्र खड्डा फसवतो. मे महिन्यातला कोरडा खड्डा ऑक्टोबरबद्दल काहीच सांगत नाही. शेजारच्या विहिरीच्या आतल्या बाजूला शेवाळाची किंवा पांढुरकी रेघ कुठवर आहे ते पाहावं आणि मालकाला विचारावं की पावसाळ्यानंतर पाणी किती हातांवर येतं. तेही पुरेसं नसतं, कारण विहिरीला पाणी खडकाच्या फटीतून येतं, तर घराच्या पायाशी पाणी मुरमावर अडून साचतं. म्हणून पावसाळ्यानंतर एखादा खड्डा घेऊन, झाकून, रात्रभर ठेवावा आणि सकाळी पाझर बघावा.

एका चाळीस बाय साठ फुटांच्या प्लॉटवर आम्ही असंच केलं. पुढच्या दोन खड्ड्यांत साडेचार आणि पाच फुटांवर मुरूम लागला. मालक म्हणाले, "झालं की साहेब, तिसरा कशाला?" मागच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या खड्ड्यात मात्र आठ फुटांपर्यंत काळी मातीच होती आणि सहा फुटांवर विटांचे तुकडे व कुजलेलं गोणपाट निघालं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं की तिथून पूर्वी ओढा जात होता.

खड्ड्यांतून निघालेली वाईट बातमी मी लगेच मानतो, चांगली बातमी मात्र अटींवर. तिन्ही खड्ड्यांत मुरूम जवळपास सारख्या खोलीवर आणि पाया न्यायला परवडेल इतक्या वर असेल, भराव नसेल, पावसाळ्यातही पाणी पायाच्या बरंच खाली राहत असेल आणि घर एक मजलीच असेल, तर औपचारिक परीक्षण न करण्यात मला गैर वाटत नाही. तिथे पाया मुरमात बसवणं महत्त्वाचं. यांतली एकही अट मोडली तर बोअर मारावा. भार पेलण्याची क्षमता किती, माती दाबली गेली तर पाया किती खचेल, हे पहार आणि काचेच्या नळीतून कळत नाही.

उलट बाजूही खरी आहे. खड्डे न पाहता मारलेला एकच बोअर पुढच्या भागात पडला असता तर अहवालात साडेचार फुटांवर मुरूम आला असता आणि मागचा ओढा कागदावर उमटलाच नसता. त्या प्लॉटवर आम्ही तीन बोअर मारले, त्यांतले दोन मागच्या बाजूला. तिथे मुरूम अकरा फुटांवर लागला. मागच्या चार कॉलमांखाली अंडररीम्ड पाइल घेतले आणि पुढचे साधे फूटिंग मुरमावर बसवले.