निमंत्रणास नकार देतांना

अंधेरीकडील मरोळ-चकाल्याच्या गांवठाणांतून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. त्यांची परंपरागत बोली मराठीच; ‘ईस्ट इंडियन’ हें नांव मात्र १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास त्यांनीं धारण केलें. अशा एखाद्या शेजारघरीं सात-आठ वर्षांच्या मुलीचें ‘फर्स्ट कम्युनियन’ ठरतें आणि आपणांस निमंत्रण येतें : सकाळीं चर्चमध्यें मिस्सा, सायंकाळीं घरीं मेजवानी. आपल्या घरच्या वडील मंडळींना परधर्मीय उपासनेस बसणें रुचत नाहीं. मग काय करावें?

प्रथम निमंत्रण कशाचें आहे तें समजून घ्यावें. आपल्याकडे सत्यनारायणाचा प्रसाद नाकारणें हा अपमान. म्हणून पुष्कळांस वाटतें कीं, चर्चमध्यें गेल्यावर वेदीपाशीं वांटतात ती गव्हाची पांढरी चकती आपणांसही घ्यावी लागेल. वस्तुतः कॅथलिकांच्या नियमाप्रमाणें ती सामान्यतः कॅथलिकांनाच देतात. इतरांनीं ती न घेतां जागेवर बसून राहावें, यांतच तेथें आदर मानतात. तेव्हां केवळ या भीतीपायीं नकार देण्याचें कारण नाहीं. उपासनेस बसणेंच मनास पटत नसेल, तर मात्र नकार द्यावा.

तो देतांना ‘आमच्यांत चालत नाहीं’ हे शब्द टाळावेत. या शब्दांना विटाळाच्या जुन्या कल्पनेचा वास येतो, व दोष समोरच्याच्या घरांत आहे असा त्यांचा अर्थ होतो. प्रकृतीची खोटी सबबही नको. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यास आपल्या घरांतील हालचाल कळतेच. दोन-तीन दिवसांच्या आंत घरांतील कर्त्या बाईनें स्वतः जाऊन सांगावें : “बाई, तुम्ही आठवणीनें बोलावलेंत, फार बरें वाटलें. आमचे मामंजी उपासनेच्या बाबतींत घरच्या नेमाबाहेर जात नाहींत, आणि आम्हीही तो नेम पाळतों. म्हणून मिस्सेला येणें होणार नाहीं. पण मुलीला भेटायला संध्याकाळीं नक्की येऊं.” यांत नियम आपला राहतो, त्यांच्या श्रद्धेवर शब्दही येत नाहीं. सायंकाळीं एखादें पुस्तक घेऊन खरोखरच जावें. न गेल्यास सकाळचा नकार हा बहाणा होता असें ठरतें. जेवणास थांबणार नसल्यास तेंही आधींच कळवावें, म्हणजे पानें वाढतांना अवघडलेपणा येत नाहीं. घरांतील सर्वांनीं एकच कारण सांगावें. सुनेनें एक व दिरानें दुसरें सांगितलें, कीं दोन्ही खोटीं वाटतात.

याची दुसरी बाजूही ध्यानांत ठेवावी. मूर्तीस दाखविलेला नैवेद्य खावा कीं नाहीं, याची चर्चा संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत केली आहे. म्हणून कांहीं ख्रिस्ती शेजारी आपला प्रसाद घेत नाहींत. त्यांनीं तो नम्रपणें नाकारला, तर आपणही राग मानूं नये. जी मोकळीक आपण मागतों, ती त्यांनाही दिली पाहिजे.