‘संबंधित कार्यालय’ कुठं आहे, तेवढं सांगा साहेब



गोरेगावच्या बाजूच्या आपल्या एका पाड्याने चैत्रात विहीर आटली म्हणून सार्वजनिक नळासाठी अर्ज केला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. ‘आपला पाडा ज्या जागेवर आहे ती जागा या कार्यालयाच्या ताब्यात नाही. सबब आपण संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, तारीख.

आता हे ‘संबंधित कार्यालय’ मुंबई उपनगरात कुठल्या रस्त्यावर आहे, ते आजवर कुणालाच सापडलेलं नाही. अंधेरीला नाही, बोरिवलीला नाही, वांद्र्याच्या कलेक्टर कचेरीतही त्या नावाची पाटी नाही. पण त्या कार्यालयाकडे जा, असं सांगणारी पत्रं मात्र आपल्या प्रत्येक पाड्यात पत्र्याच्या पेटीत पडलेली आहेत.

पाड्यातल्या पोरांना राग आला, आणि यायलाच पाहिजे. त्यांनी त्याच रात्री जवाब लिहिला. ‘आम्हाला टोलवू नका, आम्ही मूळ निवासी आहोत, तीव्र आंदोलन करू.’ त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण त्या पत्रात प्रश्नच नव्हता. ज्या बाबूच्या टेबलावर ते गेलं त्याने ‘आंदोलनाचा इशारा, माहितीस्तव सादर’ एवढं टिपण मारलं आणि फाईल बंद झाली. सहा महिने गेले. मधल्या काळात बायांनी पाणी वरच्या पाड्यातून डोक्यावरून आणलं.

आमचं म्हणणं असं की ‘तुम्ही चुकीच्या माणसाला लिहिलंय’ असं उत्तर येतं तेव्हा तो नकार नसतो. तो अर्धा जवाब असतो, आणि उरलेला अर्धा त्याच माणसाकडून काढून घ्यायचा असतो. उपनगरात जमिनीचा गुंता कसा आहे ते त्या बाबूला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आरे वसाहत १९४९ साली दूध प्रकल्पासाठी उभी राहिली, म्हणून तिथली जमीन दुग्धविकास खात्याची. पण २०२१ मध्ये त्यातली ८१२ एकर वन खात्याकडे गेली. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यान. मुलुंडच्या डोंगराकडे काही जमिनींवर ‘खाजगी वन’ अशी नोंद आणि त्यावरून कोर्टकज्जे. नळ मागायला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जावं, तर ते म्हणतात जमिनीच्या मालकाचं ना-हरकत पत्र आणा. मालक कोण, हे विचारायला गेलो की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यातल्या एकाने तरी लेखी उत्तर दिलं, सही करून दिलं. त्याच्यावर ओरडून आपण हातातलं दार आपणच लावून घेतो.

म्हणून सहा महिन्यांनी पाड्याने दुसरं पत्र लिहिलं. ते असं होतं :

‘महोदय, आपले जावक क्रमांकाचे पत्र मिळाले (प्रत सोबत जोडली आहे). आपण लेखी कळवल्याबद्दल आभारी आहोत. आमचा पाडा ज्या जमिनीवर आहे ती आपल्या कार्यालयाच्या ताब्यात नाही, असे आपण कळवले आहे. तरी कृपया, (१) सदर जमीन आपल्या नोंदीनुसार कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे आणि तिचा नगर भूमापन क्रमांक काय, (२) पाण्याच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता काय, एवढे कळवावे. आमचा मूळ अर्ज त्या अधिकाऱ्याकडे पाठवून आम्हास प्रत दिल्यास उपकार होतील. आपल्या सोयीसाठी पाड्याचा हातनकाशा जोडला आहे. हे पत्र आमचे वनहक्क व इतर हक्क अबाधित ठेवून दिले आहे.’

बस. एक पान. यात काही गोष्टी मुद्दाम केल्यात, त्या नीट बघा.

पहिली म्हणजे, त्यांचंच वाक्य त्यांना परत वाचून दाखवलंय. ‘ताब्यात नाही, असे आपण कळवले आहे.’ त्याचं महत्त्व पुढे येईलच. दुसरी, माणसाचं नाव विचारलेलं नाही, पदनाम विचारलंय. साहेब तीन वर्षांनी बदलून जातो, खुर्ची राहते. तिसरी, हातनकाशा. आपल्या पाड्यांना स्वतःचा नंबर क्वचितच असतो. भल्यामोठ्या एका नगर भूमापन क्रमांकाच्या पोटात चार-चार पाडे असतात. नुसतं पाड्याचं नाव लिहिलं तर बाबूला खरोखरच कळत नाही की ओढ्याच्या अलीकडचा की पलीकडचा. रस्ता, ओढा, बसस्टॉप, शाळा आणि घरं दाखवली की ‘जागेचा बोध होत नाही’ हे दुसरं आवडतं उत्तर द्यायला जागा राहत नाही.

आणि काय लिहिलेलं नाही, तेही बघा. ‘आपल्या खात्याच्या जमिनीवर राहतो’ असं कुठंही नाही. ‘झोपडी’ नाही, ‘अतिक्रमण’ तर नाहीच नाही. विनंतीचं पत्र लिहिताना आपण नम्रपणाच्या भरात ‘सरकारच्या जागेवर राहणारे आम्ही गरीब’ असं लिहून बसतो. ते वाक्य उद्या वनहक्काच्या दाव्यात आपल्याच विरुद्ध वाचलं जातं. आदराने बोलावं, पण जमीन बोलण्यात देऊन टाकू नये.

काही साथींना हे पटत नाही. सभेत एकाने विचारलं, ‘पाणी आपला हक्क, मग उपकार कशाला म्हणायचे?’ प्रश्न रास्त आहे. त्यांना तो शब्द खटकत असेल तर त्यांनी ‘सोयीचे होईल’ लिहावं, आमची हरकत नाही. पण पत्र वाचणारा बहुतेक वेळा साहेब नसतो, आवक-जावक बघणारा कारकून असतो. त्याने पाणी अडवलेलं नसतं. योग्य टेबल कुठलं हे त्यालाच माहीत असतं, कारण असे कागद तो रोज पुढे पाठवतो. त्याला शिव्या घालून ते टेबल कळत नाही. हक्काची भाषा ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यासमोर वापरावी. तो कोण, हे तर आधी कळू दे.

पत्र टपालपेटीत टाकून यायचं नाही. दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘घेणार नाही, आमचं नाही’ असं खिडकीवर म्हणाले तर वाद घालत बसू नका. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्या प्रतीला टाचा.

तरी उत्तर आलं नाही तर? तीन आठवडे वाट बघून माहितीचा अधिकार वापरावा. इथे आपल्या लोकांचा एक घोटाळा होतो तो सांगून ठेवतो. ‘चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर पाच दिवसांत त्यांनीच पुढे पाठवायचा’ हा नियम माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६(३) मधला आहे. तो माहिती मागण्याच्या अर्जालाच लागतो. नळाच्या, दुरुस्तीच्या साध्या अर्जाला तो लागत नाही, म्हणून साध्या अर्जात ते कलम घालून धमकावू नका, बाबू हसतो. जोडपत्र ‘अ’ भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा (दारिद्र्यरेषेखालच्या घराला पुरावा जोडला की फी नाही), विषय एकच ठेवा आणि दीडशे शब्दांच्या आत लिहा.

आणि त्यात ‘आमची जमीन कुणाची?’ असं विचारू नका. त्याला पुन्हा ‘माहिती या कार्यालयात नाही’ हेच उत्तर येईल. असं विचारा : ‘आपल्या अमुक जावक क्रमांकाच्या पत्रात जमीन ताब्यात नसल्याचे कळवले आहे. ते ज्या अभिलेखावरून ठरवले त्याची प्रत, आणि आमच्या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी.’ पत्र त्यांनीच लिहिलंय, टिपणी त्यांच्याच फाईलमध्ये आहे. ती दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, नाही दिली तर तिथंच पहिलं अपील करता येतं.

आमच्या त्या पाड्याला इथवर जावं लागलं नाही. नम्र पत्राला सतराव्या दिवशी उत्तर आलं. त्यात दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याचं पदनाम होतं, नगर भूमापन क्रमांक होता, आणि अर्ज तिकडे पाठवल्याचं लिहिलं होतं. नळ मात्र अजून आलेला नाही. त्या दुसऱ्या खात्याशी आता लिखापढी चालू आहे, ती वेगळी कथा.

पण पुढच्या पावसाळ्याआधी एक गंमत झाली. तिला गंमत म्हणावं की नाही कोण जाणे. एका घराची कुडाची भिंत पडली म्हणून घरच्यांनी ती विटांची घेतली. दोन माणसं फीत घेऊन आली. ‘जागा आमच्या ऑफिसची आहे, काम बंद करा, नोटीस येईल.’ ऑफिस तेच, ज्याने जागा ताब्यात नाही म्हणून कळवलं होतं! पाणी मागितलं तेव्हा जमीन त्यांची नव्हती, भिंत बांधली तेव्हा त्यांची झाली. घरातल्या आजीने पेटीतून दोन्ही पत्रं काढली. पाहुण्यांनी वाचली, मोबाईलमध्ये फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. नोटीस आलेली नाही.

म्हणून ‘आमचं नाही’ हे पत्र फाडू नका. पाण्यासाठी ते निरुपयोगी वाटतं, पण घरासाठी ती ढाल आहे. मात्र ढाल आहे, पट्टा नाही, हेही समजून घ्या. त्या पत्राने जमीन आपल्या नावावर होत नाही. ‘नजरचुकीने लिहिलं गेलं’ असं ते उद्या म्हणू शकतात. शिवाय मधल्या काळात जमीन एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेली असेल, जसं आरेत झालं, तर जुनं पत्र त्याच्या तारखेपुरतंच बोलतं. तेव्हा पुन्हा नव्याने विचारावं लागतं. खरा आधार वनहक्काचा दावाच. जिथे तो दाखल आहे तिथे पडताळणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून हटवता येत नाही, हे २००६ च्या कायद्यातलं कलम ४(५) आहे. दाव्याची पोच आणि ही पत्रं एकाच पिशवीत ठेवा.

येत्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपल्याकडची ‘संबंधित कार्यालया’ची पत्रं आणावीत. कुठल्या खात्याने कुठल्या पाड्याला काय लिहिलंय ते एका वहीत उतरवून घेऊ. झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा, आणि पेटी गळक्या कौलाखाली ठेवू नका.