उत्तर नको असलेलं पत्र

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं. एकदा पाजायला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा आणि पुन्हा निजवायचं. हे उरकेपर्यंत पुढच्या भुकेची वेळ जवळ आलेली असते. संध्याकाळी तर काही बाळं तासातासाला मागतात. मधल्या तुकड्यांत आईने आंघोळ करायची, गरम जेवायचं आणि जमलं तर झोपायचंही. माझी जिवलग मैत्रीण उन्हाळ्यात आई झाली आणि बारशानंतर एकदम गप्प झाली. तेव्हा तिच्या दिवसाचा हा हिशेब मी आधी मांडून पाहिला.

ती निरोप वाचते. रात्री तीनच्या सुमाराला निळ्या खुणा उमटतात. एका हातावर बाळ असताना दुसऱ्या हाताने वाचता येतं, पण लिहायला डोकं लागतं आणि त्या वेळी तेच जाग्यावर नसतं. त्यातही सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे ‘कशी आहेस?’ खरं सांगायचं तर लांबलचक होतं आणि जवळच्या माणसाला ‘मजेत’ म्हणून वाटेला लावणं जिवावर येतं. म्हणून ती सांगणं उद्यावर ढकलते. आठवडा गेला की नुसतं उत्तर पुरत नाही, उशिराबद्दल दोन शब्द लिहावे लागतात. महिन्याने त्या दोन शब्दांचंच ओझं होतं आणि माणूस तो निरोप उघडायचंच टाळतो. यात राग नसतो, दुरावाही नसतो.

म्हणून मी तिला लिहिते, पण त्यात प्रश्नचिन्ह येऊ देत नाही. परवाचा निरोप असा होता: ‘अगं, मंडईत कोवळी वालपापडी मिळाली. निवडताना तुझ्या आईच्या हातची आठवली. सहज लिहिलं, उत्तर देऊ नकोस.’ बस, एवढंच. ‘उत्तर देऊ नकोस’ हे स्पष्ट लिहावंच लागतं, ती समजून घेईल म्हणून सोडून चालत नाही. बाळाचा फोटो मी मागत नाही, तिला वाटेल तेव्हा ती पाठवेल. ‘विसरलीस वाटतं आम्हाला’ हे लाडाने म्हटलं तरी तिच्यापर्यंत तक्रार म्हणूनच पोचतं. आणि प्रत्येक निरोप बाळाबद्दल नको. घरात येणारा जो तो पाळण्यात डोकावतो, तिच्याशी तिच्याबद्दल बोलणारं कुणीतरी हवं.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य मी वापरायचं सोडलं आहे. काय लागतंय हे ठरवायचं, मग मागायचं, ही दोन्ही कामं त्यात तिच्यावरच पडतात. त्यापेक्षा मी लिहिते, ‘गुरुवारी सातला वॉचमनकडे मुगाची खिचडी आणि दुधीची भाजी ठेवते. नको असेल तर नुसतं ‘नको’ पाठव. वर येणार नाही.’ भाजी जुन्या आइस्क्रीमच्या डब्यात द्यायची. स्टीलचा डबा दिला की तो परत करायची काळजी लागते आणि आपल्याकडे डबा रिकामा कुणी परत करत नाही.

मात्र सगळीच शांतता दमण्याची नसते आणि नुसत्या निळ्या खुणांवरून ते कळतही नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यानंतरही उदासी तशीच राहिली, कशातच मन लागेना, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी मी तिच्या नवऱ्याला किंवा आईला फोन करून एकच विचारते, ‘बाळ झोपल्यावर ती झोपते का?’ शक्य असूनही डोळा लागत नसेल, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही ती बोलली असेल, तर तिथे धीर धरायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते, हेही मी त्यांना सांगून ठेवलं आहे. माझ्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं, ‘झोपते गं, पाठ टेकली की झोपते.’ ते ऐकल्यावर मी पुन्हा माझ्या वालपापडीकडे वळले.

बारशाच्या सुमारास निरोपांचा पाऊस पडतो आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची प्रसूती रजा कायद्याने मिळते. माझ्या मैत्रिणीची रजा दिवाळीनंतर संपते. बाळाला घरी ठेवून ती पहिल्यांदा ऑफिसला जाईल, तेव्हा ती पुन्हा गप्प होईल असं मला वाटतं. त्या आठवड्यातल्या डब्याचं मी आताच कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.