मायन्यातला मान

परदेशी प्राध्यापकांना पहिले पत्र लिहिणारी मुले मसुदा दाखवायला माझ्याकडे येतात. बहुतेकांची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ने होते, मग स्तुतीचा परिच्छेद आणि मुद्दा पार शेवटच्या ओळीत! आपल्याकडे हा विनय शोभून दिसतो. जर्मनीत मात्र मान मायन्यातच देऊन टाकायचा असतो: ‘झेअर गेएअर्टे फ्राउ प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव. तिथे बाईंनाच ‘सर’ लिहिले, की हेच पत्र पन्नास जणांना धाडले असणार, हे त्या ओळखतात.

मायना झाला की थेट काम. ‘आपला अमुक शोधनिबंध वाचला, त्याच पद्धतीवर माझा प्रबंध आहे, ऑक्टोबरपासून आपल्याकडे पीएच.डी.साठी जागा आहे का?’ आपल्या कानांना हे उद्धट वाटते. त्यांना ती वेळेची कदर वाटते. मात्र ‘झी’ म्हणजे आदरार्थी ‘आपण’ सोडून ‘डू’वर यायचे, ते त्यांनी सुचवल्यावरच.

जपानमध्ये क्रम निराळा. आडनावापुढे ‘सेन्सेई’, मग अचानक लिहिल्याबद्दल क्षमा, आणि नंतर काम. अमेरिकेत उत्तराखाली नुसते पहिले नाव आले, तर बहुधा तेच वापरायची मोकळीक असते. पण पहिल्या पत्रात ‘प्रोफेसर’च बरे.

विनय सोडा, असे मी मुलांना सांगत नाही. तो पत्रात कुठे आणि किती ठेवायचा, हे त्या त्या देशाला विचारा, एवढेच सांगतो.