अपस्मार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पालक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

फिट येणाऱ्या शाळकरी मुलांचे आम्ही पालक. मूल कोसळून हातपाय झाडू लागले की फिट सगळ्यांना कळते. न कळणाऱ्या फिटमुळे मात्र आमची मुले आळशी ठरतात.

‘ॲब्सेन्स’ प्रकारात मूल पडत नाही. पाच-पंधरा सेकंद नजर थिजते, पापण्या फडफडतात आणि काही झालेच नाही अशा रीतीने मूल पुन्हा कामाला लागते. उपचार नसतील तर दिवसात असे अनेकदा घडते. आमच्या एका सभासदाच्या पाचवीतल्या मुलीला ‘लक्ष नसते’ हा शेरा वर्षभर मिळत होता. तिच्या श्रुतलेखनाच्या वहीत वाक्याच्या मधलेच तीन-चार शब्द गायब असत आणि पुढचे वाक्य बिनचूक असे. डॉक्टरांनी वही पाहिली, तिला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला सांगितले, तेव्हा फिट त्यांच्यासमोरच आली. ईईजीने खात्री झाली. तंद्रीतले मूल हाक मारल्यावर, खांद्याला हात लावल्यावर भानावर येते. या फिटमधले येत नाही. एवढी ओळख प्रत्येक शिक्षकाला प्रशिक्षणात द्यावी आणि शेरा मारण्याआधी पालकांना लेखी कळवावे, ही आमची पहिली मागणी.

फिट थांबली की लक्ष आपोआप लागते, असेही नाही. याच आजाराच्या तीन औषधांची तुलना करणारी अमेरिकेतील मोठी चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांत एकाग्रतेच्या तक्रारी इथोसक्सिमाइड घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळल्या. औषध किंवा मात्रा बदलायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. पण वर्गात मूल कसे असते, हे त्यांना शिक्षकच सांगू शकतात. म्हणून दर सत्रात शिक्षकांनी आपले निरीक्षण लिहून पालकांकडे द्यावे.

स्मरणाचा प्रश्न वेगळा आहे. मेंदूच्या डाव्या कानशिलाकडील भागातून फिट येत असेल, तर ऐकलेले, वाचलेले लक्षात ठेवणे अनेकदा जड जाते. रात्री फिट येऊन झोप मोडली, तर आदल्या दिवशीचा धडा नीट मुरत नाही. घरी पाठ म्हणून दाखवलेली कविता शाळेत आठवत नाही, आणि मुलावर खोटेपणाचा आळ येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, अपस्माराचे नाही. त्यामुळे परीक्षेची सवलत मागताना आम्ही अडतो. मेंदूविकारतज्ज्ञांच्या दाखल्यावर जादा वेळ आणि फिट आलेल्या दिवसाची फेरपरीक्षा मिळावी, असा स्पष्ट आदेश काढावा.

मुलांना सर्वांत मोठी धास्ती असते ती वर्गात सर्वांदेखत फिट येण्याची, कपडे ओले होण्याची. त्यापायी काही मुले शाळाच टाळतात. डॉक्टरांचा लेखी सल्ला नसताना कोणालाही सहल वा खेळातून वगळू नये. कांदा हुंगवणे, तोंडात चमचा घालणे बंद व्हावे. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखान्यात न्यावे. आजाराबद्दल वर्गाला सांगायचे की नाही, हे मुलाला आणि पालकांना विचारूनच ठरवावे.

आपले,
पालक संघटनेचे सभासद