ओलांडली रेषा, बिघडले काय?

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी काढलेले एक गाइड नुकतेच हाती आले. त्यात ठळक टायपात, चौकट आखून एक वाक्य छापले आहे: आलेख आपल्या क्षैतिज अनंतस्पर्शी रेषेच्या जवळ जवळ जात राहतो, पण तिला कधीही शिवत नाही, ओलांडणे तर दूरच. खाली बारीक अक्षरांत मल्लीनाथी आहे. काही जण फलनाची किंमत सीमेइतकी धरून समीकरण मांडतात आणि छेदनबिंदू ‘शोधून काढतात’, ही रीत अशास्त्रीय आहे. त्या ‘काही जणां’त माझा नंबर बराच वरचा असल्यामुळे हा खटाटोप.

गाइडकारांचे म्हणणे थोडक्यात असे. शिवत नाही हीच मुळी अनंतस्पर्शीची व्याख्या आहे. सीमा ही फलनाची किंमत नसते, ती अनंताकडे जाताना मिळते, म्हणून फलन सीमेइतके मांडणे म्हणजे अनंताला हाताला धरून घरात आणणे. संगणकावर आलेख काढून पाहा, रेषा ओलांडलेली दिसत नाही. आणि शेवटी, असले अपवाद सांगितले की मुले गोंधळतात.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो. मुले गोंधळतात ती चौकटीतले वाक्य पाठ करून पुढचे उदाहरण सोडवायला बसतात तेव्हा.

ते उदाहरण घेऊच. f(x) = (2x² − 3x + 1)/(x² + 1). अंश आणि छेद दोन्ही दुसऱ्या कोटीचे, वरच्या पदाचे सहगुणक 2 आणि 1, म्हणून क्षैतिज अनंतस्पर्शी y = 2. इथपर्यंत वाद नाही. आता चौकट पाठ केलेला मुलगा वहीत y = 2 ही तुटक रेषा आखतो आणि कोष्टक करायला घेतो. f(−1) = 3, म्हणजे बिंदू रेषेच्या वर. f(0) = 1, म्हणजे बिंदू रेषेच्या खाली. छेद x² + 1 कधी शून्य होत नाही, म्हणून आलेख मध्ये कुठे तुटायला जागा नाही. मुलाची पेन्सिल दोन बिंदूंच्या मध्ये अडते. नदीच्या या काठावरून त्या काठावर जायचे आहे, होडी आहे, पाणी शांत आहे, आणि गुरुजींनी सांगितले आहे की नदी ओलांडायची नाही! हुशार मुलगा अशा वेळी काय करतो? तो वरचा तुकडा वरच वळवतो, खालचा खालीच ठेवतो आणि मध्ये एक मोकळी फट सोडतो. वही तपासणारा ‘आलेख तुटला कसा?’ म्हणून लाल शेरा मारतो. तपासणारे बहुधा हेच गाइड वापरणारे.

व्याख्येचे म्हणाल तर व्याख्या एवढेच सांगते की x पुरेसा मोठा झाला की f(x) आणि 2 यांतले अंतर आपण म्हणू त्याहून लहान होते आणि पुढे लहानच राहते. x ऋण बाजूला दूर जातो तेव्हाही तसेच. शून्याच्या आसपास आलेखाने काय करावे याबद्दल व्याख्या अवाक्षर काढत नाही. ‘शिवत नाही’ हे शब्द गाइडकारांनी पदरचे घातले आहेत. त्यांची गफलत कुठून आली तेही कळते. उभ्या अनंतस्पर्शीपाशी छेद शून्य होतो, तिथे फलनाला किंमतच नसते, म्हणून आलेख त्या रेषेवर असूच शकत नाही. उभीचा कायदा त्यांनी आडवीला लावला.

आता त्यांचा लाडका मुद्दा, आणि खरे सांगायचे तर माझाही. फलन सीमेइतके मांडता येत नाही म्हणे. का? तर 2 ही संख्या अनंतापाशी मिळाली म्हणून. संख्या कुठून मिळाली यावर तिची जात ठरते, हा शोध नवाच आहे. f(x) = 7 हे समीकरण मांडले तर गाइडकारांची हरकत नाही. f(x) = 1.99 ला नाही. f(x) = 2 म्हटले की मात्र सोवळे मोडते! पण y = 2 ही कागदावरची साधी आडवी रेषा आहे. ती आधी अनंतस्पर्शी म्हणून ओळखीची झाली की आपण तिला सहज आखली, हे आलेखाला कळत नाही. रेषा आणि आलेख कुठे भेटतात हे पाहायचे तर दोन्हींचे y समान धरायचे, हे आपण नववी-दहावीत एकसामयिक समीकरणांपासून करत आलो. ते इथे केले तर 2x² − 3x + 1 = 2x² + 2. दोन्हीकडचे 2x² जातात, उरते −3x = 1, म्हणून x = −1/3. अनंत यात कुठेच आले नाही. ताळा पाहायचा असेल तर अंश 2/9 + 1 + 1 म्हणजे 20/9, छेद 10/9, भागाकार 2. अशास्त्रीय रीतीने इतका चोख ताळा यावा, हे जरा अवघडच.

आणि खरी गंमत पुढे आहे. याच गाइडात चार पाने मागे y = x/(x² + 1) चा आलेख काढून दाखवला आहे. तिथे गाइडकार स्वतः लिहितात, फलन शून्य धरा, x = 0 मिळते, आलेख आदिबिंदूतून जातो. अगदी बरोबर. पण इथे अंशाची कोटी छेदापेक्षा लहान आहे, तेव्हा क्षैतिज अनंतस्पर्शी म्हणजे y = 0, खुद्द x-अक्ष! म्हणजे ज्या कृतीला ते ‘शून्ये काढणे’ म्हणून गुण देतात, तीच कृती शेजारच्या प्रकरणात अशास्त्रीय ठरते. अंशाची कोटी लहान असलेल्या कुठल्याही परिमेय फलनाला एखादे वास्तव शून्य असले की ते आपल्या अनंतस्पर्शीला शिवलेच. हा काही कोपऱ्यातला अपवाद नव्हे. हा वक्र तर चांगला जुना, नावाजलेला आहे. सर्पासारखा वळसा घेतो म्हणून त्याला सर्पेन्टाइन म्हणतात, आणि न्यूटनने तिसऱ्या कोटीच्या वक्रांचे जे वर्गीकरण १७०४ साली ‘ऑप्टिक्स’ला जोडून छापले, त्यात अशा वक्रांचा विचार आहे. तो वक्र आदिबिंदूपाशी खालून वर येतो, अनंतस्पर्शी ओलांडतो, x = 1 ला शिखर गाठतो आणि मग पुन्हा त्याच रेषेकडे उतरू लागतो. गाइडकारांच्या चौकटीत तो मावत नाही, म्हणून त्याने वळणे थांबवलेले नाही.

यावर ‘शून्याची गोष्ट वेगळी’ असे उत्तर येईल. वेगळी कशी? आपल्या पहिल्या उदाहरणातून 2 वजा करा. उरते −(3x + 1)/(x² + 1), आणि त्याची अनंतस्पर्शी x-अक्ष. आलेख फक्त दोन एकक खाली सरकला. खाली सरकवल्यावर जे वैध ते वर असताना अवैध, हे गणितात बसत नाही.

संगणकाचा पुरावाही असाच. x = 1 पासून पुढे किमती घेत गेलात तर f(1) = 0, f(10) ≈ 1.69, f(100) ≈ 1.97. सगळ्या दोनच्या खाली, म्हणून ‘शिवत नाही’. डावीकडे मात्र f(−10) ≈ 2.29, f(−100) ≈ 2.03, म्हणजे सगळ्या दोनच्या वर. ओलांडणी या दोहोंच्या मध्ये झाली, आणि तिकडे कोणी पाहिलेच नाही.

हे भांडण मला जुन्या एका भांडणाची आठवण करून देते. स्पर्शिका वक्राला एकाच बिंदूत भेटते आणि ओलांडत नाही, असे छातीठोकपणे सांगणारी एक पिढी होती. ते वर्तुळ पाहून आले होते. y = x³ ला x = 1 पाशी स्पर्शिका काढा, y = 3x − 2, ती पुढे x = −2 ला वक्राला पुन्हा भेटते. आदिबिंदूपाशी तर स्पर्शिका x-अक्षच, आणि वक्र तिला सरळ ओलांडून जातो. तेव्हाही मुलांचा गोंधळ होईल म्हणून हे सांगू नका, असाच आग्रह होता. तिथे वर्तुळ, इथे अपास्त. एकच वक्र पाहून सगळ्या वक्रांचे कायदे करायचे.

अपास्ताच्या बाबतीत मात्र गाइडकार म्हणतात ते खरेच आहे. (2x + 3)/(x − 1) याचा भागाकार केला की 2 + 5/(x − 1) मिळते. 5/(x − 1) कधी शून्य होत नाही, म्हणून y = 2 ला आलेख कधीच शिवत नाही. बाकी नुसती संख्या उरली की हेच होणार, आणि छेद पहिल्या कोटीचा असेल तर बाकी नुसती संख्याच उरते. गाइडातली बहुतेक उदाहरणे याच जातीची आहेत.

आता माझी बाजू, आणि ती फार लांब नाही. फलनातून सीमा L वजा करा, जे उरेल ते R(x)/Q(x) असे लिहा. R ची कोटी Q पेक्षा लहान असते, म्हणून Q ची कोटी n असेल तर भेटी जास्तीत जास्त n − 1. R च्या मुळापाशी R चे चिन्ह बदलले तर आलेख रेषा ओलांडतो, नाही बदलले तर नुसता शिवून परततो. y = x²/(x⁴ + 1) आदिबिंदूत असाच शिवून मागे फिरतो. R आणि Q यांची शेवटची मुळे मागे पडली की मग आलेख रेषेच्या एकाच बाजूला राहतो. गाइडकारांचे वाक्य तिथून पुढे खरे होते.

ओलांडणी सापडली की आलेखाचा आकारही हाती येतो. आपला f रेषा ओलांडून खाली उतरला आणि पुढे त्याला खालूनच 2 कडे जायचे आहे, म्हणजे मध्ये कुठेतरी सर्वांत खालचा बिंदू असलाच पाहिजे. तो x ≈ 0.72 ला आहे आणि तिथे किंमत सुमारे −0.08, म्हणजे आलेख x-अक्षाच्याही किंचित खाली जाऊन येतो.

या रीतीवर एक रास्त आक्षेप घेता येतो, आणि तो गाइडकारांनी घेतलेला नाही. (3x² − 5x + 2)/(x² − 1) घ्या. सीमा 3. समीकरण मांडले तर −5x = −5, म्हणून x = 1, आणि उतावळा मुलगा (1, 3) वर ठिपका देऊन मोकळा होतो. पण x = 1 ला छेद शून्य आहे. वर-खाली (x − 1) हा सामाईक अवयव आहे, तो काढला की (3x − 2)/(x + 1) उरते, आणि त्याला 3 इतके मांडले तर −2 = 3 असे अशक्य काहीतरी मिळते. हा आलेख आपल्या अनंतस्पर्शीला कुठेच भेटत नाही. x = 1 ला त्यात फक्त एक भोक आहे, आणि तेही उंची 3 वर नाही, 1/2 वर. तेव्हा सामाईक अवयव आधी काढावा आणि आलेले मूळ प्रांतात आहे की नाही ते पाहावे, एवढी तळटीप गाइडकारांनी पुढच्या आवृत्तीत चौकटीच्या जागी छापली तरी चालेल.