मुलाचा मोबाईल काढून घेण्यापूर्वी

सकाळच्या पोटदुखीची तक्रार घेऊन मुले आमच्याकडे नेहमीच येतात. मंठाळच्या माझ्या दवाखान्यात आलेला तो बारा वर्षांचा मुलगाही त्यांपैकीच एक होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पोट मऊ होते, ताप नव्हता, तपासण्याही निर्दोष निघाल्या. मात्र ही पोटदुखी रविवारी नसे आणि सुट्टीत तर पूर्णपणे थांबे. आईला बाहेर बसवून मी विचारले, "बाळा, मोबाईलवर कोणी त्रास देतं का रे?" त्यावर तो रडू लागला.

वर्गातील चार मुलांबरोबर तो 'फ्री फायर मॅक्स' हा खेळ खेळत असे. एकदा त्याच्या चुकीमुळे डाव हरला. तेव्हापासून खेळातल्या माईकवर त्याला शिव्या देणे, मुद्दाम एकटे सोडून त्याला मारू देणे आणि नंतर व्हॉट्सॲपच्या गटात त्याच्या बोलण्याच्या धाटणीची टिंगल करणे, असा क्रम दीड महिना चालला होता. घरी त्याने काहीच सांगितले नव्हते, कारण सांगितले तर मोबाईलच जाईल, अशी त्याला भीती होती.

ती भीती अनाठायी नव्हती. वडिलांनी प्रकार ऐकताच मोबाईल काढून गट पुसून टाकण्याची तयारी केली. मी त्यांना थांबविले. आपण वैद्य केसपेपर लिहिल्याशिवाय उपचार सुरू करीत नाही, आणि येथेही तोच नियम लागू पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंद त्याच दिवशी करावी. व्हॉट्सॲपवर पाठविलेला संदेश पाठविणारा सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसू शकतो, आणि मग तेथे केवळ पुसल्याची खूण उरते. म्हणून गट सोडण्यापूर्वी `Export chat` ने संपूर्ण संभाषण काढून ठेवावे. त्यात तारीख व वेळ येते, परंतु क्रमांक जतन केलेला असल्यास तेथे क्रमांकाऐवजी नाव दिसते. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या माहितीचे पान उघडून क्रमांकासह त्याचे चित्र घ्यावे. चित्रे कापू नयेत, त्यांवर खुणाही करू नयेत. आमच्या सीमाभागातील मुले मराठी, कन्नड आणि हिंदी मिसळून इंग्रजी अक्षरांत लिहितात. पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ आली तर कन्नड भाषांतर वेगळ्या कागदावर द्यावे, मूळ नोंदीला हात लावू नये.

खेळातील छळ टिपणे अधिक कठीण आहे. खेळाडूचे नाव केव्हाही बदलता येते, खात्याचा `UID` क्रमांक मात्र तोच राहतो. म्हणून क्रमांकाचे पान टिपावे. माईकवरचे बोलणे फोनच्या पडदा-ध्वनिमुद्रणात पुष्कळदा उतरतच नाही. पालकांना वाटते पुरावा झाला, आणि ऐकू पाहता केवळ गोळीबाराचा आवाज. त्यापेक्षा फोनचा आवाज उघडा ठेवून शेजारी दुसऱ्या फोनने ध्वनिमुद्रण करावे व लगेच ऐकून खात्री करावी.

तिसरी नोंद साध्या वहीत करावी: तारीख, काय घडले, त्या रात्री झोप लागली का, जेवण किती, शाळा बुडाली का. या मुलाच्या बाबतीत त्या वहीचाच सर्वाधिक उपयोग झाला. पंधरा दिवसांच्या नोंदीत गटातील टिंगल आणि दुसऱ्या सकाळची पोटदुखी शेजारी-शेजारी दिसली, तेव्हा शाळेलाही "मुलांची मस्करी" म्हणून विषय झटकता आला नाही. चारही पालकांना बोलाविले गेले आणि त्या गटाचे प्रकरण मिटले. पोटदुखी जाण्यास मात्र आणखी महिना लागला.

एका बाबतीत मात्र वरील सर्व सल्ला उलटा होतो. प्रकरणात मुलाचे अश्लील चित्र असेल तर त्याची प्रत काढू नये आणि पुढे पाठवू नये, शाळेलाही नाही. तसे करणे हाच माहिती तंत्रज्ञान कायदा व २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये गुन्हा ठरू शकतो. पाठविणाऱ्याचा क्रमांक व वेळ लिहून फोन तसाच पोलिसांना दाखवावा, किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. तेथे मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळविणे आपणा डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. मुलाला तातडीच्या आधाराची गरज असल्यास १०९८ हा क्रमांक आहे.

पोलिसांकडून अवास्तव अपेक्षाही नको. छळणारा अठरा वर्षांखालील असला तर किरकोळ गुन्ह्यासाठी सहसा प्राथमिक माहिती अहवाल नोंदविला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाची माहिती बाल न्याय मंडळाकडे जाते. तेही योग्यच आहे, कारण छळणारा मुलगाही कोणाच्या तरी दवाखान्यातला रुग्ण असतो. म्हणूनच शिवीगाळ व टिंगल यांसाठी मी पालकांना प्रथम शाळेकडे, आणि धमकी, पैसे वा चित्रे आली तर थेट ठाण्याकडे पाठवितो.

मोबाईलच्या वेळेला मर्यादा अवश्य घालावी, पण ती छळ थांबल्यानंतर आणि सर्व भावंडांना सारखी. मुलाने तोंड उघडले त्याच दिवशी मोबाईल हिरावला, तर शिक्षा सांगणाऱ्याला होते आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही. माझ्या सहव्यावसायिकांना एवढीच विनंती, की रविवारी न दुखणारे पोट समोर आले तर औषध लिहिण्यापूर्वी मुलाला एकट्याने हा एक प्रश्न विचारावा.